कोल्ड ब्रूचा अर्क घरच्या घरी: किती तास भिजवायचा, फ्रिजमध्ये किती दिवस ठेवायचा

कोल्हापुरात कुठेही थंड कॉफी मागितली की समोर येते ती कोल्ड कॉफी: घट्ट दूध, भरपूर साखर, इन्स्टंट पावडर, मिक्सरमधून काढलेला फेस आणि वर जमलंच तर आइस्क्रीमचा गोळा. ती छानच लागते, पण तो एक प्रकारचा मिल्कशेक आहे आणि या लेखाचा विषय तो नव्हे. इथे बोलायचंय ते आइस्ड कॉफी आणि कोल्ड ब्रू या दोन गोष्टींबद्दल. लोक ही दोन नावं सर्रास अदलाबदल करून वापरतात. चवीपुरतं ते चालून जातं, पण कोल्ड ब्रूचा अर्क घरी करून फ्रिजमध्ये ठेवायचा असेल तर दोघांतला फरक नीट कळायला हवा, कारण भिजवण्याचे तास आणि टिकण्याचे दिवस त्या फरकातूनच ठरतात.

आइस्ड कॉफी म्हणजे नेहमीसारखी गरम पाण्यात काढलेली आणि मग गार केलेली कॉफी. कोल्ड ब्रूमध्ये गरम पाणी कुठल्याच टप्प्यावर कॉफीला लागत नाही. जाडसर दळलेली कॉफी थंड किंवा साध्या पाण्यात बारा-सोळा तास भिजते आणि मग गाळली जाते. उष्णता जे काम चार मिनिटांत करते ते इथे वेळ करतो, पण तेच काम करत नाही. गरम पाणी कॉफीतली आम्लं, कडू घटक आणि सुवास सगळं भराभर ओढून काढतं. थंड पाण्यात गोडसर, चॉकलेटकडे झुकणारी चव चांगली उतरते, कॅफिनही उतरतं, पण काही आम्लं आणि सुवासाचा बराचसा भाग मागेच राहतो. त्यामुळे कोल्ड ब्रू मऊ लागते आणि आइस्ड कॉफी तरतरीत लागते. चिकमगळूरची हलकी भाजलेली, फळांसारखा वास असलेली महागडी अरेबिका कोणी कोल्ड ब्रूला वापरली तर मला वाईट वाटतं. तिचा निम्मा गुण पाण्यात येतच नाही. तिची आइस्ड कॉफी करावी. मध्यम किंवा जराशी गडद भाजलेली कॉफी कोल्ड ब्रूला जास्त शोभते.

आणखी एक समज इथेच बाजूला करू. कोल्ड ब्रूने पित्त होत नाही, कारण तिच्यात आम्ल नसतं, असं बरेच जण सांगतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या दोन संशोधिकांनी २०१८ साली गरम आणि थंड अशा दोन्ही पद्धतींनी काढलेल्या कॉफीची तुलना केली. दोन्हींचा पीएच जवळपास सारखाच निघाला, साधारण ४.८५ ते ५.१३. गरम कॉफीत एकूण आम्लांचं प्रमाण जास्त होतं, म्हणून ती जिभेला आंबट लागते. पण कोल्ड ब्रू म्हणजे ताक नव्हे, की पित्तावर उतारा म्हणून प्यावी. हा पाचच्या आसपासचा पीएच लक्षात ठेवा. फ्रिजपाशी पोचलो की तो पुन्हा लागणार आहे.

आजच हवी असेल तर

पाहुणे दारात आहेत आणि थंड कॉफी हवी आहे, तर कोल्ड ब्रूचा विचार सोडा आणि आइस्ड कॉफी करा. तिच्यात बहुतेकांची गफलत एकाच ठिकाणी होते: सकाळची उरलेली कॉफी दुपारी बर्फावर ओतली जाते. तासन्‌तास राहिलेल्या कॉफीत आम्लं वाढत जातात, ती कडवट-आंबट होते आणि वर बर्फ वितळून पाणचट होते. त्याऐवजी पाण्याचा एक हिस्सा आधीच बर्फाच्या रूपात धरायचा. २० ग्रॅम कॉफीला एकूण ३०० ग्रॅम पाणी लागतं असं धरलं, तर त्यातलं १८० मिली उकळून घ्यायचं आणि १२० ग्रॅम बर्फ खालच्या भांड्यात ठेवायचा. कागदी फिल्टरमधून कॉफी थेट त्या बर्फावर पडू द्यायची. पडल्या पडल्या ती गार होते आणि सुवास उडून जायला वेळच मिळत नाही. घरात दक्षिणेकडचा स्टीलचा फिल्टर असेल तर त्यातलं दाट डिकॉक्शन काढून लगेच बर्फावर ओतलं तरी तेच काम होतं. ही कॉफी तिथल्या तिथे प्यायची; ती साठवायची गोष्ट नाही.

साठवायची गोष्ट म्हणजे अर्क, ज्याला पाकिटांवर कॉन्सन्ट्रेट म्हणतात. दुप्पट दाट करून ठेवायचा आणि पिताना पाणी किंवा दूध घालून सौम्य करायचा.

पूड: पहिलं काम दुकानात

डब्यातली इन्स्टंट पावडर यासाठी चालत नाही. ती मुळात काढून वाळवलेली कॉफीच असते. थंड पाण्यात ती काही क्षणांत विरघळते, भिजवण्यासारखं तिच्यात काही उरलेलंच नसतं. फिल्टर कॉफीची पूडही जशीच्या तशी घेऊ नये. तिच्यात बहुधा चिकोरी असते आणि तिचं प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचा. चिकोरी पाण्यात भरभरून उतरते, रंग काळाभोर येतो, वाटतं केवढा दाट अर्क झाला, आणि तोंडात मात्र जळक्या गुळासारखी कडवट चव राहते. शिवाय ही पूड बारीक असते. ती गाळताना कापडाची छिद्रं बुजतात आणि अर्क गढूळ राहतो.

कॉफी दळून देणारं दुकान असेल तर एवढंच सांगा: "दादा, चिकोरी नको, नुसती कॉफी द्या, आणि फ्रेंच प्रेससाठी दळतात तशी जाड दळा." तसं दुकान जवळ नसेल तर बिया मागवून घरी दळता येतात. चिकमगळूर, कोडगूकडचे बरेच मळेवाले आणि भाजणारे पार्सलने बिया पाठवतात आणि पाकिटावर भाजल्याची तारीख टाकतात. भाजून आठवडा ते महिना झालेली कॉफी उत्तम.

घरचा मिक्सर या कामाला आदर्श नाही, पण चालतो. चटणीचं लहान भांडं घ्या, ते पूर्ण कोरडं आणि बिनवासाचं असू द्या. कांदा-लसूण मसाला ज्या भांड्यात वाटता ते नको; धुतलं तरी वास राहतो आणि थंड पाणी तो वास इमानदारीने कॉफीत उतरवतं. थोड्या बिया घालून दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मधे भांडं हलवा. लापशी रव्याइतका जाडपणा आला की थांबा. मग पीठ चाळायच्या बारीक चाळणीतून चाळून खाली पडलेली धूळ बाजूला काढा. ती टाकायची गरज नाही, सकाळच्या गरम कॉफीला वापरा. चाळण्याचं हे काम कंटाळवाणं आहे, पण मिक्सरवर दळलेल्या कॉफीत अर्कावर सगळ्यात जास्त परिणाम याच कामाचा होतो. मिक्सर काही कण जाड ठेवतो आणि काहींचं पीठ करतो. ते पीठ रात्रभर पाण्यात राहिलं की तुरटपणा तिथूनच येतो, आणि दोष मात्र तासांना दिला जातो.

माप: १०० ग्रॅमचा एक घाणा

चार-पाच ग्लासांचा घाणा धरू. १०० ग्रॅम जाडसर कॉफी, ६०० मिली पाणी, एक लिटरची काचेची बरणी. स्टीलचा झाकणाचा डबाही चालेल. तांब्या-पितळेची किंवा ॲल्युमिनियमची भांडी नकोत, आणि ज्या बरणीत लोणचं होतं तीही नको.

शक्य असेल तर माप वजनाने घ्या. जाड आणि बारीक पूड चमच्यात वेगवेगळी बसते, त्यामुळे चमच्यांचा हिशेब दर वेळी बदलतो. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरे.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. बोअरच्या जड पाण्यात कॉफी सपक आणि खडूसारखी लागते, म्हणून घरात प्यायला जे गाळलेलं पाणी वापरता तेच घ्या. आणि ते आधी उकळून पूर्ण गार करा. ही पायरी बहुतेक पाककृतींत नसते, पण कोल्ड ब्रूत नेमकी तिचीच उणीव असते. चहा, गरम कॉफी, आमटी या सगळ्यांत उकळी जंतू मारून टाकते. इथे तशी पायरीच नाही. पाण्यातून, बरणीतून, कापडातून किंवा हातातून जे काही आत जाईल ते पुढचे आठ दिवस तिथेच राहणार. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गढूळ होतं त्या दिवसांत तर हे टाळूच नका. बरणी आणि झाकण गरम पाण्याने धुऊन, उपडी ठेवून वाळवून घ्या.

आता बरणीत कॉफी घाला आणि आधी साधारण २०० मिली पाणी ओता. ताजी भाजलेली कॉफी फुगते, तिचा थर वर तरंगतो आणि मधे कोरडे गोळे राहतात. लांब चमच्याने हलक्या हाताने खालवर करून सगळी पूड ओली झाली आहे याची खात्री करा. मग उरलेलं ४०० मिली ओता. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा ढवळा आणि झाकण लावा. यानंतर ढवळायचं नाही. मधे मधे बरणी हलवल्याने अर्क दाट होत नाही, फक्त गाळ वर येतो.

झाकणावर चिकटपट्टी लावून दिवस आणि वेळ लिहा. "शनिवार, रात्री ९." ही पट्टी पुढे दोनदा कामाला येणार आहे.

किती तास

बारा तास, सोळा तास, चोवीस तास असे सगळे आकडे सांगितले जातात आणि सगळेच आपापल्या जागी बरोबर असतात, कारण ते बरणी कुठे ठेवली हे सांगायचं विसरतात. पाणी जितकं कोमट तितकी कॉफी भराभर उतरते. २२-२५ अंशांच्या खोलीत बारा तासांत जे मिळतं त्याला ४ अंशांच्या फ्रिजमध्ये सोळा ते अठरा तास लागतात.

बाहेर की फ्रिजमध्ये? थंडीच्या दिवसांत, रात्री ओट्यावर ठेवून सकाळी गाळायचं असेल तर बारा तासांपर्यंत मी समजू शकतो. पण कोल्ड ब्रूची आठवण होते ती एप्रिल-मेमध्ये. त्या दिवसांत कोल्हापुरातल्या स्वयंपाकघरात दुपारचा पारा तिशीच्या वर असतो. या तापमानाला जंतू झपाट्याने वाढतात, आणि पाचच्या आसपास पीएच असलेलं पाणी त्यांना फारसं अडवत नाही. म्हणून उन्हाळ्यात सरळ फ्रिजमध्येच भिजवावं. वेळ जास्त लागतो, पण तो आपल्याला द्यावा लागत नाही, आपण झोपलेले असतो.

वेळेबद्दल आणखी एक गोष्ट कळली की बरीच काळजी मिटते. फिलाडेल्फियाच्या त्याच संशोधिकांनी त्याआधी, २०१७ साली, थंड पाण्यात कॅफिन आणि क्लोरोजेनिक आम्ल किती वेगाने उतरतं ते मोजलं होतं. साधारण ४०० मिनिटांत, म्हणजे पावणेसात तासांत, दोन्हींचं प्रमाण जवळजवळ स्थिर झालं. त्यांचं पाणी खोलीच्या तापमानाचं होतं, फ्रिजमधलं नव्हे, पण मुद्दा तोच: पहिल्या काही तासांत बहुतेक माल बाहेर येतो, मग वेग मंदावत जातो. म्हणजे सोळाऐवजी अठरा तास झाले तर आकाश कोसळत नाही. आणि अर्क पातळ झाला म्हणून पुढच्या वेळी तीस तास ठेवला तर तो दुप्पट दाटही होत नाही. पातळ अर्कावर उपाय आहे थोडं बारीक दळणं किंवा कॉफी वाढवणं. तास लांबवल्याने मिळतो तो बहुतांशी लाकडासारखा तुरटपणा.

माझं माप असं: फ्रिजमध्ये १६ तासांनी चव बघायची, १८ ला गाळायचं आणि २० च्या पुढे जायचं नाही. शनिवारी रात्री नऊला ठेवलेली बरणी रविवारी दुपारी एक ते तीनच्या दरम्यान निघते. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून झाला की त्याच्यावर थंड ब्लॅक कॉफी जी लागते तिला तोड नाही, पण हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग.

चव बघताना चमचाभर अर्कात तेवढंच पाणी घाला. नुसता अर्क सगळ्यांनाच कडू लागतो, त्यावरून काही ठरवता येत नाही.

गाळणं

दोनदा गाळावं लागतं. पहिल्यांदा साध्या स्टीलच्या गाळणीतून चोथा वेगळा करा. दुसऱ्यांदा दाट विणीच्या सुती कापडातून किंवा कागदी फिल्टरमधून. कापडासाठी कोल्हापूरकरांना लांब जायला नको, इचलकरंजीचं पांढरं मलमल कुठल्याही कापडदुकानात मिळतं. मात्र कोऱ्या कापडाला खळ असते, ती उकळत्या पाण्यात दोनदा काढून टाका, नाहीतर अर्काला पिठाळ चव येते. वापरून झालेलं कापड साबणाने धुऊ नका. साबणाचा वास पुढच्या घाण्यात उतरतो. नुसत्या पाण्याने लगेच धुवा, उकळा, उन्हात खडखडीत वाळवा. ओलसर कापड घडी करून कपाटात ठेवलं की अर्क आंबण्याची सोय आपणच करून ठेवतो.

कापड बरणीवर बांधून अर्क आपोआप झिरपू द्या. वीसेक मिनिटं लागतील. पुरचुंडी करून पिळायचा मोह आवरा. श्रीखंडाचा चक्का पिळायचा असतो, कॉफी नाही. पिळल्याने पन्नास मिली जास्त मिळतात आणि त्यांच्याबरोबर कापडाने अडवलेला सगळा बारीक गाळ खाली येतो.

६०० मिली पाणी घालून हातात साधारण ४०० मिलीच अर्क येईल. काही सांडलेलं नाही. कॉफीची पूड स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे १०० ग्रॅममागे २०० मिली चोथ्यात राहतं. घाणा ठरवताना हे गणित आधी करा. चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा अर्क काढण्यात अर्थ नाही; तो पाणचट आणि तुरट निघतो. चोथा कुंड्यांच्या कंपोस्टमध्ये जाऊ द्या.

ग्लासात

८० मिली अर्क, ८० मिली थंड पाणी आणि चार-पाच खडे बर्फ. बर्फ वितळून जे पाणी मिसळणार आहे ते या मापात धरलेलं आहे. ४०० मिलीत असे पाच ग्लास होतात. म्हणजे एका ग्लासामागे २० ग्रॅम कॉफी पडली आहे, आणि इथे एक सावधगिरी: हे पेय मऊ लागतं म्हणून सौम्य समजू नका. यातलं कॅफिन एका कप इन्स्टंट कॉफीच्या दुपटीच्या आसपास सहज जाऊ शकतं, आणि पुडीत रोबस्टा असेल तर त्याहूनही जास्त. निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिन ही सर्वसाधारण मर्यादा मानतात, गरोदर बायकांसाठी २००. दिवसाला एक, फार तर दोन ग्लास, आणि संध्याकाळी सहानंतर नको.

दुधाबरोबर घ्यायची तर पाण्याच्या जागी तेवढंच थंड दूध. आपल्याकडचं म्हशीचं दूध इतकं दाट असतं की कॉफी त्याखाली दबते. उकळून, गार करून, साय काढून घेतलं की बरं लागतं, किंवा अर्क १०० मिली करा.

साखर थंड पेयात विरघळत नाही, ती तळाशी बसते. तिचा पाक करावा लागतो. कोल्हापुरात असताना मी पाकासाठी साखरेकडे जात नाही: १०० ग्रॅम गूळ, १०० मिली पाणी, विरघळेपर्यंत गरम करा, एक उकळी येऊ द्या, गाळून गार करा. गुळात बारीक कचरा असतो, गाळणं चुकवू नका. दोन चहाचे चमचे एका ग्लासाला पुरतात. हा पाक वेगळ्या बाटलीत ठेवा, अर्कात आधीच मिसळून ठेवू नका. कारण पुढे येतंच.

फ्रिजमध्ये किती दिवस

एक साधा नियम आहे आणि बाकी सगळं त्यातून निघतं: घड्याळ सुरू होतं ते पाणी ओतल्यापासून, गाळल्यापासून नव्हे. झाकणावरच्या पट्टीवर शनिवार रात्र लिहिली आहे, तर मोजणी शनिवार रात्रीपासून.

पाणी न मिसळलेला, गाळ नसलेला, स्वच्छ बरणीतला अर्क ४ अंशांना आठवडाभर चांगला राहतो. बाजारात आणि पाककृतींत दोन आठवडे हा आकडा दिसतो. कारखान्यातली स्वच्छता आणि थंडावा असेल तर तो खोटा नाही. पण घरातला फ्रिज दिवसातून चाळीस वेळा उघडतो, त्यात दुधाचं पातेलं, कालची भाजी आणि कोथिंबीर असते. म्हणून घरच्या अर्काला सात दिवस, अगदी काटेकोरपणे केला असेल तर दहा. चवीचा हिशेब त्याहून कडक आहे: तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो सगळ्यात गोलसर लागतो, आठवड्याच्या शेवटी वास मंदावतो आणि चव ओल्या पुठ्ठ्याकडे झुकायला लागते.

पाणी मिसळून ठेवलेली कॉफी दोन-तीन दिवसच. दूध मिसळलं की मग ती कॉफी राहिली नाही, ते दूध झालं. त्याच दिवशी संपवा. गुळाचा पाक मिसळला तर जंतूंना आयतं खाद्य मिळतं, म्हणून तोही पिताना.

मघाचा पीएच आता. अन्नसुरक्षेत ४.६ ही महत्त्वाची रेषा आहे. लिंबाचं लोणचं, चिंचेचा कोळ तिच्या खाली असतात, म्हणून काही घातक जंतूंची वाढ तिथे होत नाही. कोल्ड ब्रू त्या रेषेच्या वर आहे. हवा नसलेल्या बंद बाटलीत, बाहेरच्या तापमानाला, बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात अशा पदार्थांत ती मोडते. फ्रिजची थंडी हे तिचं खरं संरक्षण आहे. त्यामुळे काठोकाठ भरून घट्ट बंद केलेली बाटली माळ्यावर ठेवणं किंवा पार्सलने पुण्याच्या भाचीला पाठवणं असले उद्योग करू नका. द्यायची असेल तर बर्फाच्या डब्यातून हातोहात, आणि बाटलीवर तारीख लिहून.

बरणी दारातल्या कप्प्यात ठेवू नका, तिथे दर उघडण्याला गरम हवा लागते. मागच्या भिंतीकडे, मधल्या कप्प्यात. अर्क भवतालचा वास ओढतो, म्हणून झाकण पक्कं. रोज लागेल तेवढा अर्क ओतून घ्या. बरणीला तोंड लावणं किंवा वापरलेला चमचा बुडवणं म्हणजे सात दिवसांचे तीन करणं. आणि चोथा बरणीत ठेवूनच आठवडाभर थोडं थोडं काढत राहणं, हा आळशी उपाय चवीलाही वाईट आणि टिकायलाही.

वळवाच्या पावसात वीज गेली तर? फ्रिज बंद ठेवला तर चारेक तास आतला गारवा टिकतो, तोवर अर्काला काही होत नाही. त्याहून जास्त वेळ गेला आणि बरणी हाताला गार लागेनाशी झाली, तर ओतून द्या.

खराब झालेला अर्क बहुधा स्वतः सांगतो. झाकण उघडताना फस्स आवाज येतो, कडेने बुडबुडे दिसतात, वर पांढरी साय किंवा तवंग येतो, वास ताडीसारखा आंबूस लागतो. यातलं एकही दिसलं तर गाळून-उकळून वाचवायचा प्रयत्न करू नका. तळाशी बसलेला बारीक तपकिरी थर मात्र बिघाड नव्हे, तो गाळणीतून निसटलेला गाळ आहे. वरचा अर्क हलकेच ओतून घ्या. उलट बाजूही आहे: सगळेच घातक जंतू वास देत नाहीत. म्हणून नाकाने पास केला तरी पट्टीवरची तारीख नापास करत असेल तर तारखेचं ऐकायचं.

चव बिघडली तर कुठे बघायचं

पाणचट आणि आंबटसर लागली, तर दळण फार जाड होतं किंवा पुडीचे कोरडे गोळे राहिले होते. पुढच्या वेळी थोडं बारीक दळा, तास तेच ठेवा. जीभ कोरडी पडेल इतकी तुरट झाली, तर आधी चाळणी आठवा, मग पिळलं होतं का ते, आणि त्यानंतरच तासांकडे या. दोन तास कमी करून बघा. सपक, वास नसलेली लागली, तर बहुधा कॉफी जुनी आहे किंवा पाणी बोअरचं आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सुधारणा कशाने झाली ते कळणार नाही.

आठवड्यात चारशे मिली संपत नसेल तर अर्धा घाणा करा, किंवा गाळल्या दिवशीच उरलेला अर्क बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा. खडे झाले की झाकणाच्या डब्यात काढा, म्हणजे फ्रीझरमधल्या मासळीचा वास लागणार नाही. असे गोठवलेले खडे महिनाभर चव राखतात. थंड दुधाच्या ग्लासात चार खडे टाकले की ते वितळताना कॉफी पाणचट होण्याऐवजी दाट होत जाते, आणि आइस्ड कॉफीत साध्या बर्फाऐवजी हेच वापरता येतात.